जीएसटीचा वस्तुनिष्ठ प्रश्नसंच: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्यात मी हिशेबाचे काम पाहते. विभागात नव्याने आलेल्या मुलांना जीएसटीचे नियम पक्के व्हावेत म्हणून आम्ही एक छापील वस्तुनिष्ठ प्रश्नसंच घेतला आणि कामाचे तास संपल्यावर तो नियमाने सोडवत गेलो. नोंदणीची मर्यादा, करदेयक, मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचे ई-वे बिल आणि रिटर्नचे प्रकार असे त्याचे चार भाग आहेत. संपूर्ण संच हाताखालून गेल्यावर माझे मत असे झाले आहे की नोंदणी आणि करदेयक हे भाग डोळे झाकून वापरावेत, ई-वे बिलाचा भाग मात्र महाराष्ट्रात काम करणाऱ्याने सुधारून घेतल्याशिवाय वापरू नये.

आधी चांगले सांगते. नोंदणीच्या भागात केवळ ४० लाख आणि २० लाख हे आकडे पाठ करून सुटणार नाहीत असे प्रश्न आहेत. एका प्रश्नात हार्डवेअरच्या दुकानाची वर्षाची मालविक्री ३१ लाख आणि दुरुस्तीची मजुरी २ लाख दिली आहे, आणि नोंदणी लागेल का, असे विचारले आहे. ४० लाखांची मर्यादा फक्त मालाचाच पुरवठा करणाऱ्यासाठी आहे. दुरुस्तीची सेवा जोडली गेली की मर्यादा २० लाखांवर येते, म्हणून या दुकानदाराला नोंदणी घ्यावीच लागते. उत्तराखाली हे कारण दोन ओळींत दिलेले आहे आणि संपूर्ण संचाची खरी किंमत अशा ओळींत आहे.

करदेयकाच्या भागातील एक प्रश्न तर थेट आमच्या टेबलावरचा वाटला. बिलाचा अनुक्रमांक १६ चिन्हांपेक्षा मोठा नसावा, हा नियम आहे. प्रश्नात `THN/2025-26/0001` हा क्रमांक देऊन तो चालेल का, असे विचारले आहे. तिरप्या रेघा आणि आडवी रेघ धरून मोजले तर बरोबर १६ चिन्हे होतात, म्हणजे क्रमांक चालतो. मात्र त्याच मालिकेत ९,९९९ बिले झाल्यावर पुढचा क्रमांक १७ चिन्हांचा होतो आणि नियमात बसत नाही, हे मुलांनी स्वतः शोधून काढले. मालिका आखतानाच वर्ष २५-२६ असे लिहिले की ही अडचण येत नाही.

आता ई-वे बिलाकडे वळते, कारण तक्रार तिथे आहे. संचातील जवळजवळ प्रत्येक प्रश्नात ५०,००० रुपये ही एकच मर्यादा गृहीत धरली आहे. माल राज्याबाहेर जात असेल तर ती बरोबरच आहे. पण महाराष्ट्राच्या आतल्या आत माल जात असेल तर १ जुलै २०१८ पासून ही मर्यादा १ लाख रुपये आहे. आमच्या गाड्या बहुतेक वेळा रबाळे, महापे किंवा तळोजा इथेच जातात, त्यामुळे संचाच्या उत्तरावर विसंबून काम करणारा माणूस गरज नसताना ई-वे बिले काढत बसेल.

यापेक्षा मोठी उणीव अशी की ही मर्यादा कोणत्या रकमेला लावायची, हे संचात कुठेही नीट सांगितलेले नाही. मर्यादा मालाच्या नुसत्या किमतीला नसून करासहित किमतीला लागते. वागळे इस्टेटहून रबाळ्याला ९०,००० रुपयांचे स्टीलचे रॅक पाठवायचे आहेत असे धरा. १८ टक्क्यांनी कर १६,२०० रुपये होतो, एकूण १,०६,२०० रुपये होतात, म्हणजे ई-वे बिल लागते. बिलावर ९०,००० हा आकडा पाहून गाडी सोडली तर ती ई-वे बिलाविना सुटेल. आता हेच रॅक ८०,००० रुपयांचे आहेत आणि त्याच बिलावर ३०,००० रुपयांची छापील पुस्तके आहेत, असे समजा. करासहित एकूण रक्कम १,२४,४०० रुपये होते. परंतु पुस्तके करमुक्त आहेत, आणि एकाच बिलावर करपात्र आणि करमुक्त असा दोन्ही माल असेल तर करमुक्त मालाची किंमत वगळून मोजायचे असते. उरतात ९४,४०० रुपये, म्हणून राज्याच्या आत ई-वे बिल लागत नाही. हीच गाडी वापीला जात असेल तर लागते. असा एक प्रश्न संचात असता तर नियम कायमचा डोक्यात बसला असता.

अंतराच्या प्रश्नाचे उत्तर तर दिशाभूल करते. ‘५० किलोमीटरच्या आतील वाहतुकीस ई-वे बिल लागत नाही’ हे विधान संचात बरोबर म्हणून दिले आहे. मूळ सवलत फार मर्यादित आहे. राज्याच्या आत, पाठवणाऱ्याच्या जागेपासून वाहतूकदाराच्या जागेपर्यंत, पुढील वाहतुकीसाठी माल जात असेल आणि ते अंतर ५० किलोमीटरपर्यंत असेल, तर फक्त गाडीचा तपशील, म्हणजे पार्ट बी, भरण्यापासून सूट आहे. मालाचा तपशील, म्हणजे पार्ट ए, भरावाच लागतो. आमचा माल टेम्पोने भिवंडीच्या वाहतूकदाराच्या गोदामात जातो तेव्हा ही सूट मिळते. तोच टेम्पो थेट रबाळ्याच्या ग्राहकाकडे जात असेल तर अंतर कितीही कमी असले तरी पार्ट बी भरायचा. ठाणे आणि नवी मुंबईतील अंतरे लहान असल्यामुळे हा गैरसमज आमच्याकडे फार पसरलेला आहे, आणि अभ्यासाच्या पुस्तकाने त्याला दुजोरा द्यावा याचे मला मनापासून वाईट वाटते.

ई-वे बिलाच्या मुदतीचा प्रश्नही जुना राहिला आहे. दर १०० किलोमीटरला एक दिवस हा हिशेब १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस असा झाला. दिवस कसा मोजायचा, हेही संच सांगत नाही. ४१० किलोमीटरच्या प्रवासाला तीन दिवस मिळतात. सोमवारी संध्याकाळी सहा वाजता पार्ट बी भरला तर पहिला दिवस मंगळवारच्या मध्यरात्री संपतो आणि बिल गुरुवारच्या मध्यरात्रीपर्यंत चालते. गाडी वाटेत अडकली तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते.

रिटर्नच्या भागावर फारसे लिहिण्यासारखे नाही. GSTR-1 साठी ११ तारीख आणि मासिक GSTR-3B साठी २० तारीख असे सरळ प्रश्न आहेत. तिमाही भरणाऱ्यांसाठी २२ आणि २४ असे दोन्ही पर्याय दिले आहेत, पण कोणते राज्य कोणत्या तारखेत येते हे दिलेले नाही. महाराष्ट्रासाठी २२ तारीख आहे.

परीक्षेसाठी हा संच वापरणाऱ्यांनी प्रश्नातील शब्द नीट वाचावेत. केंद्रीय नियम १३८ विचारला असेल तर उत्तर ५०,०००, आणि ‘महाराष्ट्रांतर्गत’ असे लिहिले असेल तर १ लाख. आम्ही ई-वे बिलाच्या प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने राज्याची मर्यादा आणि करासहित रक्कम लिहून घेतली आहे, आणि नव्या मुलांच्या हाती आता तीच प्रत देतो.