खर्चावर मार्जिन लावायचं की गिऱ्हाईकाच्या फायद्यावर रेट ठरवायचा?

हिंगणा, बुटीबोरीकडे इलेक्ट्रिकलची छोटी कामं घेणाऱ्या पोरांचा हा नेहमीचा प्रश्न आहे, की कोटेशन बनवताना सुरुवात कुठून करायची. आपला खर्च काढून त्यावर 20-25 टक्के चढवायचे म्हणजे कॉस्ट-प्लस, आणि समोरच्याचे किती पैसे वाचतात ते पाहून रेट सांगायचा म्हणजे व्हॅल्यू-बेस्ड. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कोणत्या कामाला कोणतं ते कळलं पाहिजे.

एक केस घेऊ, आकडे समजण्यापुरते धरलेत. एचटी कनेक्शनची फॅक्टरी, महिन्याला 40,000 युनिट जळतात. महावितरणचं एचटी बिलिंग 2020 पासून केव्हीएएचवर आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर पडला की तेवढंच काम करूनही मोजलेले युनिट वाढतात. पीएफ 0.85 असेल तर 40,000 चे 47,000 होतात, 0.98 असेल तर 40,800. फरक साधारण 6,200 युनिटचा, सगळं धरून 9 रुपये पकडले तर महिन्याला 56 हजार चालले फुकट. पीएफ सुधारणारं कपॅसिटरचं पॅनल तर लागलेलं आहे, मग पीएफ पडला काहून?

तुम्ही जाता, क्लॅम्प मीटर लावता. 10 केव्हीएआरच्या स्टेपने 440 व्होल्टला 13 अँपिअरच्या आसपास करंट घ्यायला पाहिजे, इथे तीन स्टेपवर 5-6 च दिसतो, म्हणजे कपॅसिटर गेले. वरून रिलेचा सीटी चुकीच्या फेजवर, त्यामुळे उरलेल्या स्टेपही वेळेवर लागत नाहीत. शोधायला दोन तास, जाणं-येणं आणि बदली धरून पूर्ण दिवस.

कॉस्ट-प्लसने काय होते पहा. घरखर्च, पेट्रोल, हेल्पर मिळून महिन्याला 60 हजार आणि बिल लागू शकतील असे तास 100 (200 नाही हो, अर्धा वेळ फोन आणि वसुलीतच जातो), म्हणजे तासाला 600. आठ तासांचे 4,800, मार्जिन लावून 6,000, पार्ट वेगळे. आणि गंमत अशी की ज्याला काही कळत नाही आणि तीन दिवस पॅनल उघडून बसतो त्याचं बिल 18,000 होते, तुमच्यापेक्षा तिप्पट.

आता फायद्याने मोजू. वर्षाला पावणेसात लाख वाचतात म्हणून दोन लाख मागून टाकू असं वाटते, पण तिथेच गडबड होते. मालकाकडे दुसरा रस्ता काय आहे ते आधी पाहायचं. तो नवीन पॅनल घेऊ शकतो, समजा 1,20,000 ला, आणि ते यायला महिना लागला तर अजून 56 हजार जातील. म्हणजे तुमचं काम नसतं तर त्याला पावणेदोन लाखाचा फटका होता, त्यातून 25 हजाराचे पार्ट वजा केले की दीड लाख, ही तुमच्या फीची कमाल मर्यादा. पावणेसात लाख हा आकडा इथे कामाचाच नाही, कारण ती बचत नवीन पॅनलनेही झालीच असती. दीड लाखातला मोठा हिस्सा त्याला सोडायचा, तुम्ही 35-40 हजार सांगा. "दादा, एका दिवसाचे चाळीस हजार?" असं तो म्हणणारच, तेव्हा तास मोजून दाखवू नका, मागची 12 बिलं टेबलवर ठेवा आणि पीएफच्या रकान्यावर बोट ठेवा.

एक मात्र सांभाळा, बचतीचे अमुक टक्के दर महिन्याला असा सौदा छोट्या माणसाने शक्यतो करू नये. ऑर्डर कमी झाल्या, बिल घटलं की मालक म्हणतो ही बचत तुमच्यामुळे नाही, ऑर्डर वाढल्या आणि बिल चढलं की म्हणतो बचत झालीच नाही. त्यापेक्षा एकच फी, अर्धी आधी आणि अर्धी पुढच्या बिलात पीएफ 0.97 च्या वर दिसला की. रुपयांवर अट घालायची नाही, पीएफवर घालायची. आणि आकडा गाठायच्या नादात जास्तीचे कपॅसिटर कायमचे जोडून ठेवू नका, रात्री लोड कमी असताना पीएफ लीडिंग जातो आणि तेही केव्हीएएचमध्ये मोजलं जाते.

उलट मे महिन्यातलं कूलरचं काम घ्या. नागपूरच्या 45 डिग्रीत बंद कूलर चालू करून देणं म्हणजे फायदा केवढा, पण गल्लीत चार मेकॅनिक आहेत, पंप बदलायचा रेट सगळ्यांना पाठ. तिथे खर्च अधिक मार्जिनच, फार तर रात्री येण्याचे थोडे जास्त. नवीन वायरिंग, लाइट फिटिंग, ठरलेल्या नमुन्याचं पॅनल बसवणं हेही तसंच, कारण तीन कोटेशन शेजारी शेजारी ठेवली जाणारच.

म्हणून फायद्याने रेट तेव्हाच, जेव्हा नुकसान कागदावर रुपयांत दिसते, ते तुमच्याच कामाने थांबलं हे दाखवता येते आणि तेच काम करणारा दुसरा सहज मिळत नाही. 600 चा तास तरीही काढून ठेवायचा, मागे लागून लागून फी त्याच्या खाली आली तर काम सोडून द्यायला. आणि त्याच फॅक्टरीने पुढे दर तिमाहीला स्टेपचा करंट तपासायचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, तर ते सरळ तासाच्या हिशोबाने घ्या, कारण काय पाहायचं ते आता त्यांच्या मेंटेनन्सवाल्यालाही कळलेलं असते.