खोक्यावर 12800 डीपीआय, निगेटिव्हवर किती? फ्लॅटबेड स्कॅनरचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर फ्लॅटबेड स्कॅनर घेतला, तो घरच्या निगेटिव्हसाठी. बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत असतात तशा आमच्याकडेही आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह डबे भरून आहेत. हा कॅमेरा इथे बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा. 120 ची फिल्म आणि जवळजवळ 56 मिलिमीटरची चौकोनी निगेटिव्ह. पारदर्शक फिल्म स्कॅन करायची म्हणजे झाकणात दिवा हवा, म्हणून सीसीडी सेन्सरचं आणि फिल्म होल्डर मिळणारं मॉडेल घेतलं. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे लिहिलेलं या वर्गातल्या बहुतेक सगळ्या स्कॅनरना लागू पडतं आणि नाव वाचलं की चर्चा कंपनीवर जाते.

खोक्यावर दोन आकडे होते. ऑप्टिकल 6400 × 9600 आणि ठळक अक्षरांत 12800 डीपीआय. सयाजीगंजच्या दुकानात 19200 लिहिलेले, याच्याहून स्वस्त स्कॅनरही दाखवले गेले. तो मोठा आकडा इंटरपोलेटेड असतो. म्हणजे सेन्सरने वाचलेल्या दोन बिंदूंच्या मध्ये सॉफ्टवेअर शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने नवे बिंदू भरतं. दुधात पाणी घातल्यासारखंच ते. माप वाढतं, दूध तेवढंच राहतं. हे बहुतेकांना माहीत असतं. लोक फसतात ते ऑप्टिकल आकड्यात, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

6400 × 9600 मधला पहिला आकडा सेन्सरचा: रुंदीच्या एका इंचात किती ठिकाणी नोंद घेतली जाते. दुसरा आकडा मोटरचा: सेन्सरची पट्टी एका इंचात किती पावलांनी पुढे सरकू शकते. मोटर कितीही बारीक पावलं टाको, भिंग जेवढा तपशील सेन्सरपर्यंत पोचवतं त्याच्यापुढे काही मिळत नाही, त्यामुळे दुसरा आकडा मी खरेदीत धरतच नाही. पहिला आकडा खोटा नसतो, पण तो नोंदींची संख्या सांगतो, स्पष्टता सांगत नाही. काही स्कॅनरमध्ये सेन्सरच्या दोन ओळी अर्ध्या बिंदूने सरकवून बसवलेल्या असतात आणि त्या दोन्ही मिळून हा आकडा तयार होतो. शिवाय प्रकाश काच, आरसे आणि एका छोट्या भिंगातून जातो, आणि तपशील मुख्यतः तिथेच मरतो.

मग खरी स्पष्टता कळणार कशी? फाइन आर्ट्समधल्या एका परिचितांनी काचेवर छापलेला यूएसएएफ 1951 चा चार्ट वापरायला दिला. त्यात क्रमांक दिलेले गट असतात, प्रत्येक गटात सहा घटक आणि प्रत्येक घटकात तीन तीन समांतर रेघा, लहान लहान होत जाणाऱ्या. ज्या घटकातल्या रेघा शेवटच्या वेगळ्या मोजता येतात तो धरायचा, त्यावरून एका मिलिमीटरमध्ये किती रेघाजोड्या ते काढायचं आणि त्याला 50.8 ने गुणायचं. आला तो खरा डीपीआय. (जोडीत एक काळी आणि एक पांढरी रेघ, म्हणून दुप्पट, आणि इंचात 25.4 मिलिमीटर.)

सूत्र असं:

```
lp/mm = 2^(group + (element - 1)/6)
dpi   = lp/mm × 50.8
```

स्कॅन करताना शार्पनिंग आणि धूळ काढण्याचे पर्याय पूर्ण बंद ठेवले, नाहीतर कडांभोवती खोटी उठावदार रेघ येते आणि डोळा फसतो. 3200 वर गट 4 मधला सहावा घटक शेवटचा सुटा दिसला: 28.5 जोड्या, म्हणजे साधारण 1450 डीपीआय. 6400 वर गट 5 चा पहिला: 32 जोड्या, 1626 डीपीआय. आणि 12800 वर? तोच गट 5 चा पहिला. बिंदू 6400 च्या चौपट झाले, पण एकही नवी रेघ सुटी झाली नाही. खरे 6400 मिळाले असते तर 126 जोड्या दिसायला हव्या होत्या.

यानंतर सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट फुकटची होती. फ्लॅटबेडचा फोकस कायमचा ठरलेला असतो आणि होल्डरची उंची कारखान्यात अंदाजाने ठेवलेली. होल्डरच्या चारही कोपऱ्यांखाली कार्डाचे तुकडे लावून तो साधारण अर्धा मिलिमीटर उचलला, तर 6400 वर गट 5 चा दुसरा घटक वाचता येऊ लागला, म्हणजे 1800 च्या वर. आणखी उचलल्यावर पुन्हा पुसट. तुमच्या स्कॅनरला किती उंची लागेल ते तुम्हालाच शोधावं लागेल. काही होल्डरना उंची बदलायचे पाय मिळतात, नवीन घेताना ते जरूर पाहा. वळलेली निगेटिव्ह आधी जड पुस्तकाखाली सपाट करून घ्या, नाहीतर मधला भाग आणि कडा एकाच वेळी फोकसमध्ये येत नाहीत. सपाट व्हावी म्हणून थेट काचेवर मात्र ठेवू नका, तेलाच्या तवंगासारखी वर्तुळं उमटतात.

चार्ट नसेल तर घरच्या घरी एक चाचणी करता येते. 6400 ला स्कॅन करा, त्या फाइलची प्रत लांबी-रुंदी दोन्हीकडून पाव आकाराची करा, मग पुन्हा मूळ आकाराची करून दोन्ही शेजारी ठेवून मोठ्या करून पाहा. फरक दिसला नाही तर मूळ फाइलमध्ये 1600 च्या पुढचं काही नव्हतंच.

आता 1600 म्हणजे वाईट का? माझ्या कामासाठी मुळीच नाही. क्लिक थ्रीची चौकोनी निगेटिव्ह 2.2 इंचांची, म्हणजे 1600 ने सुमारे 3500 बिंदू मिळतात. 300 डीपीआयने छापलं तर जवळजवळ बारा इंचांचा फोटो होतो, आणि त्या कॅमेऱ्याच्या साध्या भिंगाने फिल्मवर याहून जास्त तपशील ठेवलेला क्वचितच दिसतो. मी 3200 ला स्कॅन करून ठेवतो. 16 बिट ग्रे फाइल सुमारे 100 एमबीची होते. 6400 ला 400 एमबी होते आणि वेळही खूप जातो. आजोबांचा दांडिया बाजारातल्या घरासमोरचा एक फोटो असा बारा इंची छापून आणला. आईने त्यात ओट्यावर बसलेल्या तिच्या आत्याला ओळखलं. जुन्या प्रिंटमध्ये तो चेहरा ठिपक्याएवढा होता.

35 मिलिमीटरच्या फिल्मला मात्र हा स्कॅनर तोकडा पडतो. 1600 ने फ्रेम 2268 × 1512 होते, म्हणजे साडेसात बाय पाच इंचांचा चांगला फोटो. त्याहून मोठा हवा असेल तर फक्त फिल्मसाठीचा स्कॅनर किंवा मॅक्रो लेन्स लावलेला कॅमेरा हेच मार्ग.

कागदी फोटो आणि दस्तऐवजांचं गणित वेगळं आहे. जुन्या प्रिंटमध्ये 600 च्या पुढे काही सापडत नाही, त्यामुळे तिथे कुठलाही चालू स्कॅनर पुरतो. बघायची गोष्ट ही, की सेन्सर सीसीडी आहे की सीआयएस. सीआयएस पातळ, स्वस्त आणि यूएसबीवरच चालणारा असतो, आणि सपाट कागद सुरेख टिपतो. पण त्याचा फोकस काचेला चिकटलेल्या भागापुरताच. आमच्याकडच्या मोडी कागदांना घड्या आहेत. भावाच्या सीआयएस स्कॅनरवर घडीजवळ उचललेली ओळ धुरकट आली, माझ्या सीसीडीवर तीच ओळ वाचता आली. दोन्हीकडे डीपीआय 600 च होता. बांधीव वही, घड्यांचे कागद, फ्रेममधून न निघणारे फोटो असं काही असेल तर जाड, वीज वेगळी लागणारा सीसीडीच घ्या.

तक्रारी दोन. काचेच्या आतल्या बाजूला काही महिन्यांतच पुसट धुकं जमलं आणि काळ्या भागांतला कॉन्ट्रास्ट उतरला; स्क्रू काढून काच पुसावी लागली. आणि सोबतचं सॉफ्टवेअर डीपीआयच्या यादीत इंटरपोलेटेड आकडेही ऑप्टिकल आकड्यांच्या शेजारीच, कुठलीही खूण न करता दाखवतं. दुकानात जाताना स्वतःची एक सपाट, स्पष्ट निगेटिव्ह घेऊन जा, 6400 ला शार्पनिंग बंद ठेवून स्कॅन करायला सांगा आणि फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन घरी पाव आकाराची चाचणी करा.