पीसीच्या पुढच्या जॅकला आवाज नव्हता, बर्डीच्या दुकानात 3,850 रुपये गेले

आधीच सांगतो, दुकानाचं नाव लिहिणार नाही, विचारू पण नका. झालं काय ते लिहितो, कारण माझ्यासोबत झालं ते सेम टू सेम कोणासोबतही होऊ शकतं, आणि नागपुरात अर्धे लोक पीसीचं काहीही झालं की बर्डीलाच जातात, मीपण गेलो.

माझा पीसी 2017 मध्ये असेंबल केलेला. मी घरून ऑनलाइन ट्यूशन घेतो, म्हणजे हेडफोन आणि माइक हेच माझं दुकान. मे महिन्यात जुन्या कॅबिनेटचा पंखा घरघर करायला लागला, म्हटलं या उन्हात पीसी तापून जाईल, नवीन कॅबिनेटच घेऊ. दुकानदार म्हणाला स्वस्तात देतो भाऊ, जुन्या स्टॉकमधलं आहे पण एकदम मजबूत. सामान त्याच्याच पोराने शिफ्ट करून दिलं. घरी आलो, सगळं चालू. संध्याकाळी क्लास घ्यायला हेडफोन पुढे लावला (माझा दोन पिनवाला आहे, हिरवी ऐकायची आणि गुलाबी माइकची) तर आवाज नाही, माइक पण नाही. पोरं चॅटवर लिहून राहिली सर ऐकू येत नाही, आणि मी इकडे एकटाच बडबडून राहिलो.

त्या दिवशी मोबाइलवरून कसंतरी निभावलं. दुसऱ्या दिवशी पीसी उचलून परत दुकानात. आता इथे नीट वाचा, फसवणूक इथेच सुरू झाली. त्याने काउंटरवर पीसी लावला, पुढच्या जॅकमध्ये आपला हेडफोन घातला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. विंडोजमध्ये हेडफोनसमोर `Not plugged in` लिहिलेलं. "बघा भाऊ, पिन आत आहे तरी बोर्डाला दिसून नाही राहिली. साउंडची आयसी गेली." मी बघितलं तर खरंच लिहिलेलं होतं ना, मी काय बोलणार. बोर्ड बदलायचा म्हणजे सात-आठ हजार, त्यापेक्षा आयसी बदलू, 2,200. दोन दिवसांनी फोन, आयसी बदलली पण पुढची लाइन जळलेली आहे म्हणे, एक यूएसबी साउंड कार्ड लावून देतो, 1,650. क्लास बुडत होते, पोरांचे पालक फोन करून राहिले होते, मी दिले.

मागच्या पोर्टला एकदाही हेडफोन लावून बघितला नाही. ना त्याने, ना मी.

हे महाग का पडलं ते मला चार दिवसांनी शेजारच्या काकांनी सांगितलं. काका आयुष्यभर रेडिओ-टीव्ही रिपेअर करत होते, आता रिटायर, पण मल्टीमीटर अजून टेबलाच्या खणातच असतो. सकाळी तर्री पोहे खायला आले, ते लटकणारं साउंड कार्ड बघितलं आणि म्हणाले, हे काहून लावलं बे? मी सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दुकानात नेला त्याच्या आदल्या रात्री मागे लावलेले स्पीकर वाजत होते का?"

वाजत होते! पोरगी रात्री दहापर्यंत त्याच्यावर कार्टून बघत होती, मीच ओरडलो होतो आवाज कमी कर म्हणून. माझ्या डोक्यातच आलं नाही. साध्या पीसीत पुढचा हेडफोन जॅक आणि मागचा हिरवा पोर्ट हे बोर्डावरच्या एकाच साउंड आयसीतून निघतात. आयसी मेली असती तर मागचं पण मेलं असतं. मागे आवाज आहे आणि पुढे नाही, म्हणजे आयसीच्या आधी बघायचं ते बोर्डाच्या टोचणीपासून, म्हणजे पुढच्या जॅकची वायर बोर्डावर ज्या पिनांत बसते तिथपासून, पुढच्या जॅकपर्यंतच्या वायरमध्ये. हिरवा ऐकायला, गुलाबी माइकला, दोन्ही मागे लावून बघायचं, दोन मिनिटं लागतात. माइक बोलून बघायला `mmsys.cpl` रन करा, Recording मध्ये जा, तुम्ही बोलता तेव्हा माइकसमोरची हिरवी पट्टी उड्या मारते. मागे पण नाही वाजलं तर मग ड्रायव्हर किंवा बोर्ड, तेव्हा दुकानदाराचं ऐका.

काकांनी कॅबिनेटचं झाकण काढलं. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात, मागच्या साउंड पोर्टच्या बाजूला, टाचणीसारख्या नऊ पिन दोन रांगेत उभ्या असतात. मोजल्या तर दहाची जागा, पण आठव्या नंबरची पिन मुद्दाम नसते, आणि वायरच्या प्लगमध्ये त्याच जागचं भोक बंद असतं म्हणजे उलटं बसू नये. (यूएसबीची टोचणीपण अशीच नऊ पिनांची दिसते, पण तिची रिकामी जागा कोपऱ्यात असते. तिथे हा प्लग जबरदस्तीने घुसवू नका, त्या पिनांत 5 व्होल्ट असतात.)

माझ्या कॅबिनेटमधून येणाऱ्या वायरच्या टोकाला प्लग एक नाही, दोन होते. एकावर एचडी ऑडिओ छापलेलं, दुसऱ्यावर एसी97. एसी97 ही नव्वदीतली जुनी पद्धत, नंतर 2004 च्या आसपास एचडी ऑडिओ आली, आणि बरीच वर्षं कॅबिनेटवाले दोन्ही प्लग देत राहिले. माझं जुन्या स्टॉकमधलं ना, त्यामुळे दोन्ही. गंमत म्हणजे बंद भोक दोघांत एकाच जागी, म्हणून दोन्ही प्लग त्या टोचणीवर अगदी आरामात बसतात. पोराने एसी97 वाला बसवला होता. एचडीवाला मागे झिप टायने बांधून ठेवलेला.

आता फरक काय पडतो. एचडी पद्धतीत जॅकच्या आत एक छोटा स्विच असतो, तुम्ही पिन घातली की तो जुळतो आणि बोर्डाला सिग्नल जातो की इथे काहीतरी लावलं. सिग्नल नाही पोचला तर बोर्ड समजतो जॅक रिकामा आहे, आणि विंडोज लिहितं `Not plugged in`. एसी97 च्या प्लगमध्ये ही ओळखायची वायरच नसते. म्हणजे त्याने मला स्क्रीनवर जो पुरावा दाखवला तो आयसी मेल्याचा नव्हताच, त्याच्याच पोराने चुकीचा प्लग लावल्याचा होता.

काकांनी लगेच प्लग नाही बदलला, म्हणाले आधी खात्री करू. माझ्या पीसीत रिअलटेकचा साउंडचा जुना मॅनेजर होता, त्यात वर उजवीकडे पिवळ्या फोल्डरचं चिन्ह असतं, तिथे `Disable front panel jack detection` वर टिक केली. म्हणजे बोर्डाला सांगितलं की ओळखायच्या भानगडीत पडू नको, पुढे आवाज सोड. आणि हेडफोनमध्ये गाणं सुरू! म्हणजे "जळलेली लाइन" पण खोटी, आवाजाची वायर धड होती. (ही टिक कायमची ठेवू नका, मग पीसीला नेहमीच वाटतं की हेडफोन लावलेला आहे. ज्यांच्या पुढच्या जॅकची ओळखायची वायर खरंच तुटली आहे त्यांना मात्र कामचलाऊ उपाय म्हणून बरी.)

मग पीसी बंद करून बोर्डावरचा एसी97 वाला प्लग काढला आणि एचडीवाल्या प्लगवर मीटर बीपवर लावला. बंद भोक समोर धरा, त्याच्या बरोबर समोरच्या रांगेतलं भोक म्हणजे सात नंबर. बंद भोकाच्याच रांगेत त्याच्या एका बाजूला कोपऱ्यात दहा, दुसऱ्या बाजूला सहा. एक टोक सातला, दुसरं दहाला. शांत. मी पुढून हिरवी पिन जॅकमध्ये घातली, मीटर टीईई करून ओरडला, काढली, बंद. सात आणि सहाला लावून गुलाबी पिन घातली, परत टीईई. म्हणजे दोन्ही जॅकचे स्विच ठणठणीत. प्लग बोर्डावर बसवला, टिक काढली, पीसी चालू केला. हेडफोन लावताबरोबर कोपऱ्यात मेसेज आला आणि माइकची पट्टी नाचायला लागली. सगळं मिळून पाऊण तास, त्यातला अर्धा वेळ काकांच्या चहात गेला.

राहिली ती "बदललेली" आयसी. काकांनी भिंग काढलं. चौकोनी चिप, चारी बाजूंनी मिळून 48 बारीक पाय. हाताने बदललेली असेल तर पायांशी फ्लक्सचा चिकट पिवळट डाग, टाक्यांची चमक वेगळी, काहीतरी दिसतंच म्हणाले. इथे सगळे टाके एकसारखे, आणि पायांच्या मध्ये माझ्या घरची जुनी धूळ तशीच.

चुकीचा प्लग लावला ही चूक, ती मी समजू शकतो, घाईत कोणाकडूनही होते. पण न बदललेल्या आयसीचे 2,200 घेणं ही चूक नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना घेऊनच बर्डीला गेलो. काका एवढंच म्हणाले, जुनी आयसी दाखव. आधी म्हणे पोरगा सुट्टीवर आहे, मग म्हणे कचऱ्यात गेली. बिल काढलं तर त्यावर नुसतं "ऑडिओ रिपेअर" लिहिलेलं, आयसीचा शब्द नाही, मी पैसे देताना वाचलंच नव्हतं. पेमेंटचा मेसेज होता, त्याच्यावर पण फक्त रक्कम. बरीच बोलाचाली झाली, दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं ऐकून राहिली होती त्यामुळे असेल, साउंड कार्ड परत घेतलं आणि 1,500 दिले, 150 डब्बा फुटला म्हणून कापले. आयसीचे 1,000 परत आले, 1,200 गेले ते गेले.

तुमचा पीसी कुठेही देणार असाल तर आधी घरीच मागच्या हिरव्या आणि गुलाबीला लावून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, झाकण उघडता येत असेल तर त्या कोपऱ्यातल्या प्लगचा फोटो पण. पार्ट बदलायचा म्हणाले तर जुना परत पाहिजे हे आधीच बोला आणि बिलावर पार्टचं नाव लिहून घ्या. आणि हेडफोन मोबाइलचा एकाच पिनवाला असेल आणि कॅबिनेटला दोन वेगवेगळे जॅक असतील तर माइक चालणारच नाही, त्यात कोणाचा दोष नाही, दोन शेपट्यांचं स्प्लिटर घ्या.

तो एसी97 चा प्लग अजून आत लटकतोय. काकांनी त्याला पांढरी टेप गुंडाळून वर पेनाने लिहिलंय, "याला हात लावू नये".