उत्तर आलं नाही, आता काय: ‘किमान एकदा’ की ‘जास्तीत जास्त एकदा’?

`withdraw(42, 500)` हा रिमोट कॉल घ्या, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या सर्व्हरला ‘खाते 42 मधून 500 वजा कर’ असं सांगणारा. क्लायंटचा स्टब, म्हणजे कॉल नेटवर्कवर पाठवणारा कोड, आर्ग्युमेंट्सचे बाइट्स करतो (मार्शलिंग). एक्सडीआर या डेटा मांडण्याच्या ठरलेल्या पद्धतीत 500 चे चार बाइट होतात: `00 00 01 F4`. पॉइंटर पाठवून उपयोग नाही, तो पत्ता पलीकडे निरर्थक. सोबत कॉलचा क्रमांक जातो, समजा 7.

टाइमआउट झाला. विनंती हरवली की पैसे वजा होऊन फक्त उत्तर हरवलं, हे क्लायंटला कळत नाही.

‘किमान एकदा’मध्ये तो उत्तर येईपर्यंत पाठवत राहतो. `read(फाइल, ऑफसेट)` दहादा झालं तरी बिघडत नाही. `withdraw` मात्र दोनदा झालं तरी हजार जातील.

‘जास्तीत जास्त एकदा’मध्ये सर्व्हर क्रमांक आणि उत्तर जपून ठेवतो. 7 पुन्हा आला की काम न करता जुनंच उत्तर देतो. गोची अशी की क्लायंटने नव्याने मार्शल करताना 8 लावला, तर सर्व्हरला तो नवा व्यवहार वाटतो. (ही चूक मीही केली आहे.) शिवाय नोंदी फक्त मेमरीत असतील तर रीस्टार्टनंतर 7 अनोळखी ठरतो. म्हणून नोंद डिस्कवर हवी, तीही पैसे वजा करणाऱ्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये.

वाचनासाठी मी पहिलाच पर्याय घेतो. नोंदवहीचा खटाटोप तिथे फुकट आहे.