नाव फुकट छापून मिळालं आणि बॅकड्रॉप परत करायची वाट बंद झाली

भाचीच्या वाढदिवसाला कमी खर्चात फोटो कॉर्नर करायचा, म्हणून मी ऑनलाइन एक सेट मागवला. त्यात एक छापील बॅकड्रॉप होता आणि काडीला चिकटवून हातात धरायचे कागदी चष्मे, मिशा, मुकुट. जाहिरातीतल्या फोटोत आई, बाबा आणि मूल बॅकड्रॉपसमोर उभे होते. पडदा त्यांच्या डोक्याच्या वरून सुरू होऊन पायाखाली जमिनीवर पसरलेला. खाली माप लिहिलं होतं ७×५ फूट. मी विक्रेत्याला चॅटवर सरळ विचारलं, मोठी माणसं उभी राहिली तर पूर्ण मावतील ना? उत्तर आलं, ‘हो, फुल साइज आहे, कापडी आहे.’ शिवाय मुलीचं नाव फुकट छापून देतो म्हणाला.

पार्सल उघडून टेप लावली. रुंदी ७ फूट, उंची ५. म्हणजे साडेपाच फुटी माणूस समोर उभा राहिला की त्याचं डोकं पडद्याच्या वर आणि मागे भिंतीवरचा स्विचबोर्ड. माल कापडीही नव्हता, चकचकीत फ्लेक्स होता, आठपदरी घडी घातलेला. तक्रार केल्यावर उत्तर तयारच होतं: माप लिहिल्याप्रमाणे आहे आणि नाव छापलेला माल परत घेतला जात नाही.

खरा डाव इथे आहे. एरवी अशा वस्तू न वापरता परत करता येतात, पण नाव पडलं की ती ‘खास तुमच्यासाठी बनवलेली’ ठरते आणि विक्रेता त्या अटीकडे बोट दाखवतो. ही अट मनात बदल झाला म्हणून परत करणाऱ्यासाठी असते. कापड सांगून फ्लेक्स पाठवला तर तिची ढाल चालायला नको. मी तक्रारीत मापाचा वाद बाजूला ठेवला आणि फक्त साहित्याचा मुद्दा धरला. चॅटमधलं ‘कापडी आहे’ हे वाक्य आणि पार्सल फोडतानाचा व्हिडिओ जोडला. ही तक्रार विक्रेत्याला नव्हे, त्या ऑनलाइन बाजाराच्या तक्रार विभागाला पाठवली. काही रक्कम परत मिळाली, सगळी नाही. म्हणून नाव छापून घेऊच नका. साधा बॅकड्रॉप घ्या आणि नावाची अक्षरं कार्डशीटची कापून वर लावा. तोच पडदा पुढच्या कार्यक्रमालाही चालतो.

जाहिरातीतला फोटो बनावट होता हे आता दिसतं. त्याच विक्रेत्याची बाकीची डिझाइन्स पाहिली, तर सगळ्यांत तेच कुटुंब, त्याच पोझमध्ये. पडद्यावर त्यांची सावली नाही आणि कापडाला एकही सुरकुती नाही. ही चित्रं संगणकावर जोडलेली असतात. विकत घेण्याआधी रुंदी आणि उंची वेगवेगळी लिहून मागा आणि टेप लावलेला व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली तर तिथून घेऊ नका.

माप ठरवताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, ती विक्रेते सांगत नाहीत. सावली पडू नये म्हणून माणसं पडद्यापासून ३ फूट पुढे उभी करावी लागतात. कॅमेरा त्यांच्यापासून ९ फुटांवर असेल, तर ७ फुटांचा पडदा माणसं उभी असतात तिथे जेमतेम सव्वापाच फूट जागा भरतो. तिघं मोठी माणसं बसली तरी कडा दिसायची भीती. उभ्या गटासाठी ८ फूट उंची आणि तेवढीच रुंदी धरावी. साधी चादर किंवा जोडलेल्या ओढण्याही या फ्लेक्सपेक्षा चांगलं काम देतात.

चष्मे, मिशा या प्रॉप्सबद्दल थोडक्यात: पाकिटावरच्या नगांच्या आकड्यात काड्या आणि चिकटपट्टीचे तुकडेसुद्धा मोजलेले होते.

फ्लेक्स हाती पडलाच असेल आणि कार्यक्रम तोंडावर आला असेल, तर आमचं जे निभावलं ते सांगते. घडीच्या खुणांवर इस्त्री मुळीच फिरवू नका, फ्लेक्स वितळतो. आदल्या दिवशी छापील बाजू बाहेर ठेवून पाइपवर गुंडाळून ठेवा, बऱ्याच खुणा जातात. वरची कड ७ फुटांवर टांगा आणि खाली उरलेल्या २ फुटांच्या फटीपुढे कापड घातलेलं बाक ठेवा. मुलं बाकावर बसतील, मोठे बाकामागे उभे राहतील आणि फोटो कमरेपासून वर घ्यायचा. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर पडद्याच्या मधोमध पांढरा डाग येतो. त्याऐवजी दोन दिवे दोन्ही बाजूंनी तिरके, साधारण ४५ अंशांत लावा. डाग उरला आहे का हे पाहुणे येण्याआधी एक फोटो काढून मोबाइलवर मोठा करून पाहा आणि उरला असेल तर दिवे आणखी बाजूला सरकवा.