क्लेम नाकारल्यावर अपील: हकिगत सांगावी की कलम धरावं?

आईचा आरोग्य विम्याचा क्लेम कंपनीने नाकारला तेव्हा मी अपिलाची दोन पत्रं लिहिली. पहिलं अडीच पानांचं, छातीत दुखायला लागलं तिथपासूनची हकिगत. दुसरं एका पानाचं.

पॉलिसी ८ ऑगस्ट २०२२ची, अँजिओप्लास्टी फेब्रुवारी २०२५ची. डिस्चार्ज समरीत कुणीतरी घाईत 'मधुमेह ५ वर्षांपासून' लिहिलेलं. कंपनीने तेवढंच धरलं: पूर्वीपासूनचा आजार, त्यासाठी थांबायला लावणारं पॉलिसीतलं कलम Excl01, पॉलिसी घेतल्यापासून ३६ महिने पूर्ण नाहीत.

हकिगतीचं पत्र वाईट नव्हतं. दाखल करायची गरजच नव्हती असा कंपनीचा आक्षेप असेल, तर तेच बरं पडेल. तिथे लक्षणांचा क्रमच कामाचा. पण आमच्या पत्राला उत्तर म्हणून नकाराचंच वाक्य परत आलं. रागाने मी हायलायटर घेऊन स्वतःचं पत्र वाचायला बसलो. मधुमेहाचं निदान कधी झालं ते शोधत होतो. सापडलं दुसऱ्या पानावर: 'दिवाळीच्या आसपास आईला थकवा जाणवू लागला.' ज्या तारखेवर सगळा क्लेम उभा, ती तारीखच मी लिहिली नव्हती! मलाच सापडेना, तर कंपनीतल्या माणसाला काय सापडणार?

दुसऱ्या पत्रात आधी क्लेम क्रमांक आणि नकाराचं वाक्य जसंच्या तसं. खाली पॉलिसीतली व्याख्या: पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झाले असतील, तरच आजार 'पूर्वीपासूनचा'. म्हणजे प्रश्न एकच उरला, निदान ८ ऑगस्ट २०२२च्या आधीचं की नंतरचं. मग पुरावे. जुलै २०२२चा लॅब रिपोर्ट, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ५.४, म्हणजे तेव्हा मधुमेह नव्हता (जोडपत्र १). मधुमेहाच्या गोळ्यांचं पहिलं प्रिस्क्रिप्शन, २१ नोव्हेंबर २०२३ (जोडपत्र २). समरीतली नोंद चुकीची असल्याचं हॉस्पिटलचं लेटरहेडवरचं पत्र, सही-शिक्क्यासह (जोडपत्र ३). शेवटी रक्कम, आणि 'पुन्हा नाकारायचं असल्यास जोडपत्र १ व २ का अमान्य, ते लिहावे' एवढी मागणी.

हॉस्पिटलचं पत्र मुद्दाम तिसरं ठेवलं. नकारानंतर मिळवलेल्या कागदावर 'मागाहून आणलाय' असा संशय येतो. जुना लॅब रिपोर्ट मात्र क्लेमच्या कितीतरी आधीचा.

या वेळी कंपनीने प्रिस्क्रिप्शनची मूळ प्रत मागवली आणि पॉलिसीत न बसणारे, म्हणजे नॉन-पेएबल खर्च वजा करून पैसे दिले. पत्रामुळे की हॉस्पिटलच्या खुलाशामुळे, छातीठोक सांगता येणार नाही. पण मूळ प्रत मागवली ती जोडपत्राचा क्रमांक लिहून.

नाहीच जमलं, तर कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं; फी नाही, वकील लागत नाही. तेच एक पान तक्रारीला जोडायचं मी ठरवलं होतं. अडीच पानं सुनावणीत तोंडी सांगायला ठेवली होती.