वैमानिक प्रशिक्षण आणि 40 लाखांचे कर्ज : अडीच वर्षांनंतरचा अनुभव

माझ्या मुलीने ऑगस्ट 2023 मध्ये व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी एका फ्लाइंग स्कूलमध्ये प्रवेश घेतला आणि डिसेंबर 2025 मध्ये तिला परवाना मिळाला. या काळातील प्रत्येक पावती, बँकेचे प्रत्येक पत्र आणि तिच्या लॉगबुकची प्रत माझ्याकडे आहे. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करतो, त्यामुळे आकडे लिहून ठेवण्याची सवय आहे. तरीही पैसे भरण्याआधी जो हिशेब करायला हवा होता तो मी केला नाही. इंदूरमधील आपल्या मराठी कुटुंबांतून हल्ली या शिक्षणाची चौकशी वाढली आहे आणि आठवड्याला एखादा तरी फोन मला येतो, म्हणून सगळे एकदाच सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण जे घडले ते एकाच संस्थेत घडते असे मला वाटत नाही.

प्रथम आमचा करार सांगतो. शुल्क 47 लाख रुपये होते आणि मुदत 15 महिने सांगितली होती. त्यापैकी 40 लाख लोकमान्य नगरातले घर तारण ठेवून साडेदहा टक्के व्याजाने शैक्षणिक कर्ज म्हणून घेतले आणि 7 लाख स्वतःचे भरले. बँक हे पैसे आपल्या हाती देत नाही. संस्थेच्या मागणीपत्रावर थेट तिच्या खात्यात जमा करते. आमच्या चार हप्त्यांच्या तारखा प्रवेशपत्रातच छापलेल्या होत्या : ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे. प्रत्येक वेळी 10 लाख गेले. मे 2024 मध्ये शेवटचा हप्ता गेला, त्या दिवशी मुलीच्या लॉगबुकमध्ये 38 तास होते. परवान्यासाठी 200 तास लागतात. म्हणजे कर्ज पूर्ण उचलले गेले होते आणि उड्डाण एक पंचमांशही झाले नव्हते.

असे का झाले, हे मला ग्वाल्हेरच्या मामांनी समजावले. ते हवाई दलात तंत्रज्ञ होते. जून 2024 मध्ये ते माझ्याबरोबर मुलीला भेटायला आले. माहितीपत्रकात दहा विमाने होती आणि हँगरमध्ये दहा दिसतही होती. मामा एकेका विमानापाशी थांबत गेले. दोघांची इंजिने उतरवलेली होती, एकाला प्रोपेलर नव्हता, दोघांच्या चाकांतील हवा गेलेली होती आणि टायरच्या कडेला कोळिष्टक धरले होते. आणखी एका विमानाची तपासणी चालू होती. उरलेल्या चारच विमानांच्या पंखांखाली इंधनाचे ताजे डाग होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला वहीत तीन ओळी लिहायला सांगितल्या.

उडणारी विमाने चार. पाऊस, हिवाळ्यातले सकाळचे धुके, दर 50 आणि 100 तासांनी करावी लागणारी तपासणी हे सगळे धरून एक विमान महिन्याला सरासरी 60 तास उडेल, म्हणजे चार मिळून 240 तास. तेव्हा विद्यार्थी 40 होते. 240 भागिले 40 म्हणजे प्रत्येकाला महिन्याला 6 तास, आणि 200 भागिले 6 म्हणजे 33 महिने. पंधरा महिन्यांत परवाना द्यायचा तर प्रत्येकाला महिन्याला साधारण साडेतेरा तास मिळायला हवेत. त्यासाठी त्याच चाळीस जणांमागे किमान नऊ विमाने रोज उडण्याच्या स्थितीत लागतात.

हा भागाकार दोन मिनिटांचा आहे. तो प्रवेशाआधी केला असता तर 15 महिन्यांच्या आश्वासनावर मी विश्वास ठेवला नसता. कोणत्याही संस्थेत विमाने किती आहेत हे विचारू नये. आजच्या दिवशी किती विमाने उडत आहेत आणि किती विद्यार्थ्यांचे तास बाकी आहेत हे विचारावे. उत्तर कार्यालयातून न घेता तिथे शिकणाऱ्या चार मुलांकडून घ्यावे आणि त्यांनी गेल्या सहा महिन्यांत किती तास केले हे त्यांच्या लॉगबुकात पाहावे. लॉगबुकात विमानाची नोंदणी अक्षरेही असतात. पानापानावर तीच तीन-चार अक्षरे येत असतील तर बाकीची विमाने उडत नाहीत हे उघड आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2025 पासून या संस्थांची श्रेणीवारी सुरू केली आहे. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती, यावरून परिस्थितीचा अंदाज यावा. श्रेणी अवश्य पाहावी, पण भागाकार स्वतः करावा.

मुलीचे पुढचे महिने कसे गेले ते तिच्या लॉगबुकात आहे. जुलै 2024 मध्ये 1 तास 40 मिनिटे, ऑगस्टमध्ये शून्य. पहाटे साडेपाचला गणवेश घालून ती तयार असे आणि सहाला निरोप येई की आज विमान नाही. सप्टेंबरनंतर एक दुरुस्त विमान आले, काही मुले दुसरीकडे गेली आणि तिचे तास महिन्याला दहा-अकरावर आले. तरी 200 तास पूर्ण व्हायला ऑक्टोबर 2025 उजाडला; म्हणजे 15 ऐवजी 26 महिने. नुसता वेळच गेला असे नाही. मोठ्या खंडानंतर प्रशिक्षक लगेच एकट्याने उडू देत नाही. आधी त्याच्यासोबत चाचणी उड्डाण करावे लागते आणि ते पुढे शिकण्यात धरता येत नाही. शिवाय परवान्याच्या अर्जाला ताजा अनुभव आणि ताज्या कौशल्य चाचण्या लागतात, त्यामुळे फार रेंगाळले तर झालेले काम पुन्हा करण्याची वेळ येते.

आता या उशिराची किंमत. पूर्ण 40 लाख उचलल्यावर साडेदहा टक्क्यांनी महिन्याचे व्याज 35,000 रुपये होते. हप्त्यांच्या तारखांप्रमाणे मोजले तर ठरलेल्या 15 महिन्यांच्या अखेरीस, नोव्हेंबर 2024 पर्यंत, व्याज 3,67,500 झाले असते. पुढच्या अकरा महिन्यांनी त्यात 3,85,000 ची भर घातली. म्हणजे केवळ उशिराचे व्याज मूळ मुदतीच्या सगळ्या व्याजापेक्षा जास्त झाले. वसतिगृह आणि जेवण धरून महिन्याला 14,000 लागत होते, तेही अकरा महिने जास्त गेले. या रकमेची भरपाई कोणत्याही करारात नव्हती. करार दोन पानांचा होता आणि मुदतीपुढे ‘अंदाजे’ हा शब्द होता, जो मी सही करताना वाचला होता आणि सोडून दिला होता.

दुसरी गोष्ट मंजुरीपत्रातली. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते असे आपण ऐकतो. प्रत्यक्षात बँकेने अभ्यासक्रमाची मुदत 18 महिने धरली होती आणि त्यावर 12 महिने दिले होते. हे 30 महिने ऑगस्ट 2023 पासून मोजले जातात, परवाना मिळाल्यापासून नाही. त्यामुळे परवाना डिसेंबर 2025 मध्ये मिळाला आणि हप्ता फेब्रुवारी 2026 मध्ये सुरू झाला. तोपर्यंतचे व्याज 8,92,500 मुद्दलात मिसळून कर्ज 48,92,500 झाले. दहा वर्षांसाठी हप्ता सुमारे 66,000 आहे. शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेलो असतो तर हप्ता 40 लाखांवर, म्हणजे सुमारे 54,000 बसला असता, आणि काही बँका असे व्याज भरणाऱ्यांना दरात थोडी सवलतही देतात. आमच्या शाखेतील अधिकाऱ्याने हे सुचवले होते. ‘मुलगी कमावू लागली की बघू’ असे मी म्हणालो. ती माझी सर्वांत महाग पडलेली चूक आहे.

परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली, अशी नातेवाइकांची समजूत असते. डिसेंबर 2025 मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांमुळे हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा ‘आता तर वैमानिकांचा तुटवडाच आहे’ असे सांगणारे फोन आले. तुटवडा असतो तो कप्तानांचा. कप्तान होण्यासाठी वरच्या परवान्याला 1500 तास लागतात आणि 200 तासांच्या मुलांची रांग वेगळी असते. या रांगेची लांबी आपल्या हातात नाही. 2019 मध्ये जेट एअरवेज आणि 2023 मध्ये गो फर्स्ट बंद पडली, तेव्हा अनुभवी वैमानिक एकदम बाजारात आले आणि नव्या मुलांना थांबावे लागले.

शिवाय 200 तासांच्या परवान्यावर एअरबस 320 चालवता येत नाही. त्यासाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचे वेगळे प्रशिक्षण आणि मान्यता, लागते आणि त्याचा खर्च बहुधा उमेदवारालाच करावा लागतो. आम्हाला 18 लाखांचे कोटेशन मिळाले. तेही कर्ज त्याच दराने घेतले तर महिन्याला आणखी 24,000, म्हणजे एकूण हप्ता 90,000 च्या पुढे जातो. मुलीच्या ओळखीच्या, नुकत्याच सहवैमानिक झालेल्या मुलाच्या हाती सव्वा ते दीड लाख येतात. म्हणजे नोकरी लागली तर 90,000 चा हप्ता भरता येतो, पण दिल्ली किंवा बेंगळुरूच्या खोलीभाड्यानंतर फारसे काही उरत नाही. पगार वाढतो आणि कप्तान झाल्यावर पुष्कळ वाढतो, हे खरे आहे. मात्र ती वाढ येईपर्यंतची वर्षे कोण भरणार हे आधी ठरवावे लागते.

म्हणून पैसे गुंतवण्यापूर्वी कप्तानाचा पगार पाहू नये. नोकरी नसताना घर किती महिने हप्ता भरू शकते, हे पाहावे. माझा पगार 72,000 आहे, पत्नी शाळेत शिकवते आणि वेगळे ठेवलेल्या 15 लाखांतून आता अडीच लाख उरले आहेत. आम्ही ओढून ताणून सुमारे चौदा महिने निभावू शकतो. त्याच मुदतीत मुलीची वैद्यकीय तपासणी आणि केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे इन्स्ट्रुमेंट रेटिंग यांची वर्षाची मुदत संपेल आणि दोन्हींच्या नूतनीकरणाचा खर्च येईल. विमान न उडवताही परवाना जिवंत ठेवायला पैसे लागतात, ही गोष्ट आम्हाला कोणीही सांगितली नव्हती.

वैद्यकीय तपासणीबद्दल एकच सांगतो : प्रवेशाला द्वितीय श्रेणीचे प्रमाणपत्र चालते, पण परवान्याला प्रथम श्रेणीचे लागते. तेव्हा प्रथम श्रेणी हाती आल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नये. आमच्या मुलीबरोबरचा एक मुलगा 20 लाख भरल्यावर त्या तपासणीत अडकला.

आज पुन्हा निर्णय घ्यायचा असता तर मुलीला नाही म्हटले नसते. तिची निवड पक्की होती आणि ती चांगली उडते, असे तिचे प्रशिक्षक सांगतात. पण हप्ते तारखांवर न देता तासांवर दिले असते : पहिल्या 10 लाखांनंतरचा पैसा 50 तास झाल्यावर, मग 100 वर, मग 150 वर. संस्था याला नकार देते का, यावरूनच तिच्या विमानांची अवस्था कळली असती. शेजारच्या कुटुंबाने गेल्या महिन्यात एका संस्थेकडे हीच अट घातली आणि तीन हप्त्यांसाठी ती मान्य झाली.

मुलगी सध्या इंदूरमध्येच वैमानिकांच्या लेखी परीक्षेचा हवामानशास्त्र हा विषय शिकवते आणि 25,000 मिळवते. ते सगळे ती हप्त्यात घालते. टाइप रेटिंग आत्ताच करून ठेवावे असे तिच्या दोन मैत्रिणींचे म्हणणे आहे. पण तेही चालू ठेवायला ठरावीक मुदतीने सिम्युलेटरवरची तपासणी लागते, म्हणून कंपनीचे निवडपत्र हाती येईपर्यंत ते 18 लाख उचलायचे नाहीत, असे आम्ही तिघांनी बसून ठरवले आहे.